मेजरकाका आणि सकाळी सातचा फोन



मी जयपूरहून बोलतोय. आमचं घर झालान्याच्या टेकडीच्या कडेला आहे. बाहेर मोर ओरडताना ऐकू आले तर समजून घ्या, त्यांना गप्प करण्याचा अधिकार फौजेतसुद्धा कुणाला नाही. पलीकडे बिबट्यांचं जंगल आहे आणि अलीकडे आम्ही निवृत्त मंडळी. दोघं एकमेकांच्या वाटेला जात नाही.

आजचा विषय थोडा अवघड आहे. तुमचं एखाद्या व्यक्तीवर मन बसलंय आणि त्या व्यक्तीला आधीच्या लग्नातलं एक लहान मूल आहे. तर त्या मुलाच्या आयुष्यात पाऊल कसं टाकायचं, आणि किती सावकाश टाकायचं? मागच्या एका भाषणात मी सहज म्हणून गेलो होतो की आमचा मुलगा मला अजूनही 'मेजरकाका' म्हणतो. त्यावर बऱ्याच तरुणांनी विचारलं, की कर्नल, मुलगा काका कसा म्हणतो? आज त्याचं उत्तर देतो. आमच्या हिची आणि मुलाची परवानगी घेतली आहे. दोघांची नावं मात्र घेणार नाही.

१९९३ च्या जूनमध्ये माझी जयपूरला बदली झाली. मी मेजर होतो, वय चौतीस, लग्न झालेलं नव्हतं. त्या वर्षी गणपतीत इथल्या मराठी कुटुंबांकडे आरतीला गेलो, तिथे आमची ओळख झाली. ती झालाना डुंगरी भागातल्या एका कार्यालयात नोकरी करायची. वर्षभरापूर्वी घटस्फोट झालेला, कागद पूर्ण झालेले. चार वर्षांचा मुलगा आणि आई असं तिघांचं घर. मुलाचे वडील दुसऱ्या शहरात राहायचे आणि महिन्यातून एका रविवारी त्याला भेटायला यायचे.

तिनं मला दुसऱ्याच भेटीत सांगितलं, "मेजरसाहेब, मला मुलगा आहे. आपल्या भेटीगाठी त्याला इतक्यात कळता कामा नयेत." मला ते थोडं लागलं. वाटलं, हिला माझी लाज वाटते की काय? पण तिचं बरोबर होतं, आणि आज मला जे सांगायचंय ते सगळं त्या एका वाक्यात आहे. अशा नात्यात दोन घड्याळं चालतात. एक दोन मोठ्या माणसांचं आणि दुसरं मुलाचं. मोठ्यांचं घड्याळ भरभर पळतं, मुलाचं सावकाश चालतं. कितीही ओढ असली तरी घरातलं कामकाज मुलाच्या घड्याळावर चालवायचं. आम्ही जिथे हे विसरलो तिथे तिथे मार खाल्ला.

आम्ही सात महिने मुलाला न भेटता एकमेकांना भेटलो. जवाहर कला केंद्र तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं. तिचं ऑफिस सुटलं की आम्ही तिथे अर्धा-पाऊण तास बसायचो आणि सहाच्या आत ती घरी जायची. सात हा काही मंत्रातला आकडा नाही. कुणाला सहा महिने लागतील, कुणाला वर्ष लागेल. पण थांबायचं कारण नीट समजून घ्या. त्या मुलानं एकदा एक माणूस घरातून जाताना पाहिलेला असतो. तुम्ही आलात, त्याला आवडलात, आणि चार महिन्यांत तुमचं दोघांचं फिसकटलं, तर त्याच्या हिशोबात दुसरा माणूस गेला. म्हणून आपलं टिकेल असं मोठ्यांना बऱ्यापैकी वाटेपर्यंत मुलाला त्यात ओढायचं नाही.

त्या सात महिन्यांत बोलून घ्यायच्या गोष्टी असतात. आम्ही बोललो. माझी बदली झाली तर काय? ती नोकरी सोडणार का? मुलाच्या वडिलांच्या भेटी चालू राहतील ना? तिनं स्पष्ट सांगितलं की त्या कधीही बंद होणार नाहीत, आणि त्या दिवशी मी घराच्या आसपासही फिरकायचं नाही. मी हो म्हणालो. हे 'हो' मनापासून येत नसेल तर तिथेच थांबावं, पुढे जाऊ नये.

आता पहिली भेट. १९९४ चा एप्रिल महिना. तिनं मला घरी चहाला बोलावलं. मी फौजी माणूस, पूर्ण तयारीनिशी गेलो. कॅन्टीनमधून बॅटरीवर चालणारी मोठी लाल मोटार घेतली. इस्त्रीचे कपडे, चकचकीत बूट. मुलगा दाराआडून बघत होता. मी गुडघ्यावर बसलो, मोटार पुढे केली आणि म्हणालो, "हे तुझ्यासाठी." तो म्हणाला, "एवढं मोठं बाबा आणतात." आणि आत निघून गेला. ती मोटार वर्षभर माळ्यावर पडून होती.

माझं काय चुकलं ते नंतर समजलं. एक तर मी त्याच्या घरात गेलो होतो. ती त्याची जागा, आणि तिथे मी परका. दुसरं म्हणजे आणलेली वस्तू इतकी मोठी होती की ती घेणं म्हणजे काहीतरी कबूल करणं. चार-साडेचार वर्षांच्या मुलाला हे शब्दांत सांगता येत नाही, पण कळतं बरोबर. त्यानं मोटार घेतली असती तर आपल्या बाबांशी बेइमानी झाली, असं त्याला वाटलं असतं.

मग आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. महिनाभर मध्ये जाऊ दिला. त्यानंतर दर दुसऱ्या रविवारी सकाळी सात वाजता रामनिवास बागेत भेटायचं ठरलं, कारण मे महिन्यात जयपूरला नवानंतर बाहेर उभं राहता येत नाही. भेट चाळीस मिनिटांची. आई कायम सोबत. मी आईचा मित्र, नाव 'काका'. भेटवस्तू नाही. हातात काहीतरी उद्योग मात्र हवाच, कारण लहान मूल समोरासमोर बसून गप्पा मारत नाही, शेजारी शेजारी काहीतरी करताना बोलतं. आम्ही कबुतरांना दाणे टाकायचो, प्राणिसंग्रहालयाच्या भिंतीपाशी उभं राहून आतला आवाज कोणाचा ते ओळखायचो. पहिल्या तीन भेटींत तो माझ्याशी एकूण दहा वाक्यंसुद्धा बोलला नसेल. मी त्याला प्रश्न विचारत नव्हतो. शाळा कशी आहे, मोठेपणी कोण होणार, असं काही नाही. मी नुसता तिथे असायचो आणि बरोबर सात चाळीसला "चला, पुढच्याच्या पुढच्या रविवारी" म्हणून निघायचो.

भेट रंगात आली असताना निघायचं, हे लक्षात ठेवा. मुलगा कंटाळेपर्यंत थांबलात तर त्याच्या मनात कंटाळा शिल्लक राहतो. पाचव्या भेटीत मी निघताना तो म्हणाला, "काका, अजून दाणे उरलेत." मला मेडल मिळाल्यासारखं झालं. पण मी थांबलो नाही. म्हणालो, "पुडी बांधून ठेव, पुढच्या वेळी लागतील." त्यानं ती पुडी दोन आठवडे खिशात ठेवली. घरी मुंग्या झाल्या म्हणून आजींनी मला बोल लावला तो वेगळा.

इथपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. मग मी ते बिघडवलं.

त्याच्या शाळेत १५ ऑगस्टचा कार्यक्रम होता आणि तो सैनिक होणार होता. बागेत त्यानं मला सॅल्यूट करून दाखवला आणि विचारलं, "काका, तुम्ही बघायला येणार?" मी म्हणालो, "नक्की येणार." आता बघा, फौजेतला माणूस १५ ऑगस्टची सकाळ स्वतःच्या नावावर कशी काय लिहून देतो? पण भावनेच्या भरात बोलून गेलो. आदल्या संध्याकाळी माझी ड्यूटी लागली. रात्री उशीर झाला होता, म्हणून त्यांच्या घरमालकांकडे फोन करायला संकोच वाटला. सकाळी परेड. दुपारी मोकळा झालो तेव्हा कार्यक्रम कधीच संपला होता. तो फाटकापाशी उभा राहून रस्त्याकडे बघत होता आणि स्टेजवर जायलाच तयार नव्हता, हे मला संध्याकाळी कळलं.

त्यानंतर तीन आठवडे तो रात्री अंथरूण ओलं करत होता. ती सवय दीड वर्षापूर्वी गेली होती. आईनं दुसऱ्या खोलीत पाऊल टाकलं तरी मागे जायचा. बागेत यायला नकार दिला. मूल तोंडानं सांगत नाही, शरीरानं सांगतं. सुटलेली सवय परत येणं, आईला चिकटणं, पोट दुखतं म्हणून शाळा टाळणं, ही त्याची भाषा. उलट बाजूचीही एक खूण असते. एखादं मूल दोन भेटींत गळ्यात पडतं, "तुम्ही जाऊ नका" म्हणून रडतं. मोठ्यांना वाटतं, वा, जिंकलं. तसं नसतं. ते मूल माणूस निघून जाईल या धाकानं त्याला धरून ठेवत असतं. दोन्ही खुणा दिसल्या की वेग कमी करायचा.

मी त्याच्याकडे गेलो आणि सरळ माफी मागितली. कारणं दिली नाहीत. "मी येतो म्हणालो आणि आलो नाही. तू वाट बघितलीस. माझी चूक झाली." तो काही बोलला नाही. आजी बाजूला बसल्या होत्या. तोपर्यंत त्या माझ्याकडे कपाळावर आठी घालूनच बघायच्या. त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाल्या, "मेजर, चहा घ्या."

मग मी एक नियम केला. 'नक्की' हा शब्द बंद. त्याऐवजी म्हणायचं, "ड्यूटी नसली तर येईन. आणि येणार नसेन, तर त्या दिवशी सकाळी सातच्या आत फोन येईल." घरमालकांना भेटून मी आधीच परवानगी घेतली. स्वयंपाकघरात कॅलेंडर होतं, त्यावर माझ्या येण्याच्या रविवारी त्याची आई पेन्सिलनं छोटा गोल करायची. मी आलो की तो त्या गोलात रेघ मारायचा. फोन आला तर गोल पुसून पुढच्या तारखेला नवीन काढायचा. त्यानंतरच्या वर्षभरात मला पाच वेळा जमलं नाही आणि पाचही वेळा सातच्या आत फोन गेला. एकदा तर मी साडेसहालाच केला. पलीकडून तो म्हणाला, "अजून सात वाजले नाहीत, काका." म्हणजे पोरगा उठून घड्याळ बघत बसला होता.

यात मला एक गोष्ट उमगली. मूल तुमच्या येण्यावर विश्वास टाकत नाही. तुम्ही म्हणता तसं घडतं, यावर टाकतं. न येण्याचा फोनसुद्धा वेळेवर आला, तर तो विश्वासाच्या खात्यात जमाच होतो. म्हणून मोठी वचनं देऊ नका. सहलीला नेईन, सायकल आणीन, कायम तुझ्यासोबत राहीन, असलं काही नाही. लहान आणि पाळता येईल असं बोला, आणि ते पाळा.

आता शिस्तीचा मुद्दा. फौजेतून आलेल्या माणसाला हा फार जड जातो. त्या हिवाळ्यात मी त्यांच्या घरी जायला लागलो होतो. शेजारच्या एका बाईंनी प्रेमापोटीच मुलाला सांगितलं, "आता तुझे नवीन बाबा येणार!" झालं. त्या संध्याकाळी मी निघालो तर एक बूट गायब. अर्धा तास शोधला. शेवटी अंगणातल्या पाण्याच्या टाकीत सापडला. जानव्यात बांधलेली किल्ली गावभर शोधावी तसा मी हिंडत होतो आणि साहेब पायरीवर बसून बघत होते.

माझ्या जिभेवर आलेले शब्द मी गिळले. ओला बूट घातला आणि मेसवर परत गेलो. त्याला जे काही सांगायचं ते त्याच्या आईनं सांगितलं, मी गेल्यावर, शांतपणे. बूट लपवणं चूक आहे हेही सांगितलं आणि "तुझे बाबा एकच आहेत, ते बदलणार नाहीत" हेही सांगितलं. तिसरं वाक्य होतं, "काका आपले काका आहेत."

सावत्र कुटुंबांवर अनेक वर्षं काम केलेल्या पॅट्रिशिया पेपरनॉव या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आहेत. त्यांचं लिखाण मी निवृत्तीनंतर वाचलं, तेव्हा हा बुटाचा प्रसंग आठवला. त्या म्हणतात, अशा घरात आई आणि मूल आतले असतात आणि नवा माणूस बाहेरचा. हा कुणाचा दोष नव्हे, घराची रचनाच तशी असते. आणि नव्या माणसाला आवडून घेणं म्हणजे आपल्या सख्ख्या आईबापाला दगा देणं, या कात्रीत मूल सापडतं. असं कुटुंब नीट बसायला वर्षं लागतात, महिने नव्हेत. त्यांचा आणि इतर अभ्यासकांचा एक सल्ला मला पूर्ण पटतो. सुरुवातीच्या काळात रागावणं, नियम करणं, शिक्षा करणं हे सगळं सख्ख्या पालकाकडे राहू द्यावं. नव्या माणसानं आधी ओळख वाढवावी. मूल आईच्या गैरहजेरीत मस्ती करत असेल तर "आईनं काय सांगितलंय?" एवढंच म्हणावं. नियम आईचा, आपण फक्त आठवण करून देणारे. लग्नानंतरही पहिली दोन वर्षं मी असाच वागलो.

त्याच्या वडिलांविषयी मी त्याच्यासमोर कधी वावगा शब्द काढला नाही. महिन्यातला तो रविवार आला की आदल्या भेटीत मीच म्हणायचो, "पुढच्या रविवारी बाबा येणार ना? मजा कर." पहिल्यांदा म्हणालो तेव्हा त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू दाराची कडी कुणीतरी आतून काढली.

आता एक गोष्ट कडक शब्दांत सांगतो, विशेषतः मुलं एकटीनं वाढवणाऱ्या आयांना. सावकाश जाण्याचा दुसरा फायदा सुरक्षिततेचा आहे. तुमच्याशी ओळख होऊन चार दिवस झाले नाहीत आणि एखादा माणूस मुलाला एकट्याला बाहेर नेतो म्हणतो, त्याला आंघोळ घालायला, झोपवायला पुढे होतो, त्याला गुपचूप वस्तू देतो आणि "आईला सांगू नको" म्हणतो, तर तिथेच थांबा. वाईट वाटेल म्हणून गप्प राहू नका. चांगला माणूस तुमच्या सावधपणानं दुखावला जात नाही. मी जवळजवळ एक वर्ष त्या मुलासोबत एकटा कधीच नव्हतो, आई नाहीतर आजी नजरेच्या टप्प्यात असायच्या, आणि त्यात माझा काही अपमान झाला नाही. मुलालाही सांगून ठेवा, की आपल्या घरात आईपासून गुपित ठेवायचं नसतं. शंका आली तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक आहे.

तर मंडळी, १४ जानेवारी १९९५. शनिवार होता. जयपूरची संक्रांत ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगतो, त्या दिवशी अख्खं शहर गच्चीवर असतं आणि आभाळात पतंगांना वाट मिळत नाही. आजींनी तिळगूळ केला होता. मी पतंग उडवत होतो, मुलगा लांब टाकीजवळ बसून होता. पतंग उडवायला दोन माणसं लागतात. एक मांजा हाताळतो आणि दुसरा फिरकी धरतो, तिला इथे चरखी म्हणतात. फिरकी धरणाऱ्यानं ढील द्यायची तेव्हा सैल सोडायची, ओढायचं तेव्हा गुंडाळायची. मी ती पायात धरून कसरत करत होतो. मांजा गुंतला. तो आला, काही न बोलता फिरकी उचलली आणि माझ्या मागे उभा राहिला. मीही काही बोललो नाही. दुपारपर्यंत आम्ही चार पतंग काटले आणि सहा कटवून घेतले. खाली उतरताना त्यानं सांगितलं, "मेजरकाका, तुम्ही ढील उशिरा देता." त्या दिवसापासून मी मेजरकाका झालो.

लग्न लगेच केलं नाही. १९९५ च्या शेवटी माझी फील्डमध्ये बदली झाली. मी घरी दोन पत्रं पाठवायचो, एक तिला आणि एक वेगळं त्याला, त्याच्या नावानं. त्याच्या पत्रात फक्त चित्र आणि तीन ओळी. लग्न झालं १९९६ च्या डिसेंबरात. त्याला आम्ही आधी सांगितलं, विचारलं नाही. हा फरक महत्त्वाचा आहे. सात वर्षांच्या मुलाला "आम्ही लग्न करू का?" असं विचारणं म्हणजे मोठ्यांच्या निर्णयाचं ओझं त्याच्या खांद्यावर ठेवणं. निर्णय आपला. त्याला विचारायचं ते एवढंच, की तुझी खोली कुठली हवी, शाळा कुठली, आणि मला हाक काय मारणार? तो म्हणाला, "मेजरकाकाच." मी म्हणालो, "ठीक." पुढे मी कर्नल झालो, पण बढती त्यानं मान्य केली नाही.

कायद्याचं थोडं. लग्न झालं म्हणून सावत्र बाप आपोआप पालक होत नाही. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्याच्या कलम ६ मध्ये स्पष्ट म्हटलंय की नैसर्गिक पालकांत सावत्र आई आणि सावत्र वडील येत नाहीत. त्याच्या शाळेच्या फॉर्मवर सही त्याची आईच करायची. दत्तक घ्यायचं तर सख्ख्या पालकाची संमती आणि रीतसर आदेश लागतो. आम्ही तो मार्ग घेतला नाही, कारण त्याचे वडील हयात होते, येत होते, आणि त्याला त्यांचं आडनाव हवं होतं. प्रत्येक घराचं उत्तर वेगळं असू शकतं. २०२२ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयानं अकेला ललिता यांच्या खटल्यात निकाल दिला. पहिला नवरा वारल्यावर त्यांनी पुन्हा लग्न केलं होतं. मुलाचं आडनाव ठरवण्याचा अधिकार आईला आहे, असं न्यायालय म्हणालं. कागदोपत्री दुसऱ्या नवऱ्याचं नाव 'सावत्र वडील' म्हणून लिहा, हा खालचा आदेशही क्रूर ठरवून रद्द केला, कारण त्याचा मुलाच्या मनावर परिणाम होतो. सांगायचा मुद्दा असा, की नाव आणि आडनाव हे मोठ्यांच्या मानापमानाचे विषय करू नका. मुलाला शाळेत हजेरीच्या वेळी कसं वाटेल ते बघा.

आणि शेवटचं. समजा, नातं नाहीच टिकलं. तेही होतं. मग गुपचूप नाहीसे होऊ नका. मुलाला एकदा भेटा, आई सोबत असताना, दहा-पंधरा मिनिटं. सांगा की मी यापुढे येणार नाही, यात तुझी काही चूक नाही, तुझ्यासोबत मला छान वाटलं. "येईन कधीतरी" असं म्हणू नका, नाहीतर ते कॅलेंडरकडे बघत राहील. हे अवघड आहे. पण तुम्हाला अवघड जातं म्हणून त्याला फाटकापाशी उभं ठेवू नये. ते मी एकदा केलंय, पुरे आहे.

हे भाषण तयार करताना मी मुलाला फोन केला. तो आता छत्तीस वर्षांचा आहे, पुण्याला असतो. विचारलं, तुला त्या दिवसांतलं काय आठवतं? मला वाटलं, पतंग म्हणेल. तो म्हणाला, "लाल मोटार. मला ती फार आवडली होती, पण घेता येत नव्हती." मी म्हणालो, "अरे, मग सांगायचंस." तो म्हणाला, "तेव्हा कसं सांगणार, मेजरकाका?"

तेच तर. तेव्हा त्याला सांगता येत नव्हतं, म्हणून आपण थांबायचं असतं.

आज इतकंच. तुमच्या घरी असं लहानगं असेल आणि कुणी नवीन माणूस दाराशी उभा असेल, तर दोघांनाही वेळ द्या. आणि येणं जमणार नसेल, तर सातच्या आत फोन करा.

जय हिंद.